अपेक्षित मौद्रिक मूल्य आणि निर्णयवृक्ष

अपेक्षित मौद्रिक मूल्य ही अनिश्चित परिणाम असलेल्या पर्यायांची पैशाच्या परिमाणात तुलना करण्याची पद्धत आहे. एखाद्या पर्यायातून जे जे परिणाम संभवतात, त्या प्रत्येकाची रक्कम त्याच्या संभाव्यतेने गुणावयाची आणि आलेल्या गुणाकारांची बेरीज करावयाची. ही बेरीज म्हणजे त्या पर्यायाचे अपेक्षित मौद्रिक मूल्य होय. निर्णयामागून निर्णय आणि त्यांच्या अधेमधे दैवाधीन घटना अशी साखळी असेल, तर ती शाखांच्या आकृतीने मांडतात. या आकृतीस निर्णयवृक्ष म्हणतात. एखादी वस्तू, यंत्रणा किंवा संगणकप्रणाली स्वतः घडवावी की तयार विकत घ्यावी, हा प्रश्न सोडविण्यासाठी प्रकल्प व्यवस्थापनात आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत ही पद्धत वापरली जाते.

नावातील 'अपेक्षित' या शब्दाने घोटाळा होऊ शकतो. रोजच्या मराठीत अपेक्षित म्हणजे जे घडेल असे वाटते ते. येथे मात्र हा शब्द गणिती सरासरीचा वाचक आहे. १०० रुपयांचा लाभ किंवा शून्य, दोन्हींची संभाव्यता सारखी, अशा सौद्याचे अपेक्षित मूल्य ५० रुपये येते. पण ५० रुपये कोणाच्याही हाती कधीच पडत नाहीत.

## पार्श्वभूमी

या कल्पनेचा उगम जुगाराच्या गणितात आहे. अर्धवट राहिलेल्या डावातील पणाची रक्कम दोन खेळाडूंत न्याय्य रीतीने कशी वाटावी, या प्रश्नावर ब्लेझ पास्कल व प्येर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांत १६५४ साली पत्रव्यवहार झाला. त्यातून निघालेला विचार डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत सूत्रबद्ध केला. १७३८ साली डॅनियल बर्नोली यांनी या मापाची मर्यादा दाखविली. पैशाची तीच रक्कम गरिबाला व श्रीमंताला सारख्या मोलाची नसते, म्हणून रकमेऐवजी तिच्या उपयोगितेची सरासरी काढावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

व्यवसायातील निर्णयांना हे गणित पद्धतशीरपणे लावण्याचे श्रेय मुख्यतः हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड रायफा आणि रॉबर्ट श्लायफर यांना दिले जाते. त्यांचा संयुक्त ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्णयवृक्षाचा परिचय व्यवस्थापकांना करून दिला तो जॉन मगी यांनी, १९६४ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या लेखाने. त्या लेखातील काल्पनिक रसायन कंपनीपुढे प्रश्न होता तो असा: मोठा कारखाना आताच उभारावा, की लहान उभारून पुढे मागणी वाढल्यास त्याचा विस्तार करावा? आजचा निर्णय उद्याच्या निर्णयाला जागा ठेवतो किंवा ती बंद करतो, ही गोष्ट साध्या कोष्टकात दिसत नाही, वृक्षात दिसते. मगी यांचा रोख याच गोष्टीवर होता.

## वृक्षाची रचना

निर्णयवृक्ष डावीकडून उजवीकडे काढतात. जेथे निवड आपल्या हाती असते तेथे चौकोन काढतात, तो निर्णयबिंदू. जेथे पुढे काय होईल हे आपल्या हाती नसते तेथे वर्तुळ काढतात, तो संयोगबिंदू. संयोगबिंदूतून निघणाऱ्या प्रत्येक शाखेवर संभाव्यता लिहितात आणि एका बिंदूवरील सर्व संभाव्यतांची बेरीज १ असावीच लागते. प्रत्येक शाखेच्या अखेरीस, मुळापासून तेथवर येताना झालेला एकूण खर्च किंवा लाभ लिहितात.

आकृती डावीकडून उजवीकडे काढली, तरी हिशेब मात्र उजवीकडून डावीकडे करतात. वर्तुळाशी आल्यावर सरासरी घ्यावयाची. चौकोनाशी आल्यावर सर्वांत चांगली शाखा ठेवून बाकीच्या छाटावयाच्या. आकडे लाभाचे असतील तर चांगली शाखा म्हणजे मोठ्या आकड्याची, खर्चाचे असतील तर लहान आकड्याची. 'घडवा की विकत घ्या' या प्रश्नात बहुधा खर्चाचेच आकडे असतात, आणि सवयीने मोठा आकडा निवडून विद्यार्थी नेमके येथेच गुण गमावतात.

## उदाहरण: दूध संघाची संगणकप्रणाली

एक काल्पनिक तालुका दूध संघ घेऊ. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाचे माप, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद होते. त्यावरून दर ठरतो. दर दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल निघते आणि त्यातून पशुखाद्य, उचल व इतर कपाती वजा होतात. हे सर्व काम पुढील पाच वर्षे करील अशी संगणकप्रणाली संघाला हवी आहे. ती स्वतः प्रोग्रामर नेमून घडवावी, की बाजारातील तयार प्रणाली विकत घ्यावी?

तुलनेपूर्वी दोन्ही पर्यायांची व्याप्ती एक करून घ्यावी लागते. विक्रेत्याने सांगितलेली किंमत एका बाजूला आणि प्रोग्रामरांचे पाच वर्षांचे पगार दुसऱ्या बाजूला, अशी तुलना लंगडी आहे. जुन्या नोंदींचे स्थलांतर, केंद्रचालकांचे प्रशिक्षण, देखभाल, सर्व्हरचे भाडे हे सर्व दोन्हीकडे धरावयास हवे. पुढील सर्व आकडे असे पाच वर्षांचे, लाख रुपयांत आहेत.

स्वतः घडविल्यास काम सोपे गेले तर ६० लाख आणि अवघड गेले तर ११० लाख खर्च येईल, असा अंदाज आहे. अवघड जाण्याची संभाव्यता ०.६ धरली आहे. संघाने असे काम पूर्वी केलेले नाही, म्हणून अवघड बाजू जड आहे.

विकत घेतल्यास सुरुवातीचा परवाना ३० लाख आणि दरवर्षी देखभाल ४ लाख, म्हणजे पाच वर्षांत ५० लाख. प्रणाली संघाच्या कामात बसली तर किरकोळ फेरफारांचे १० लाख धरून खर्च ६० लाखांवर थांबेल; याची संभाव्यता ०.७. पण कपातींचे नियम तिच्यात बसलेच नाहीत, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस संघाला पुन्हा निर्णय घ्यावा लागेल. विक्रेत्याकडून ८० लाखांचे मोठे फेरफार करून घेतले, तर एकूण १३० लाख. तयार प्रणाली सोडून स्वतःची घडविली, तर तोवर गेलेले ३४ लाख आणि वर घडविण्याचा खर्च. सोयीसाठी हा खर्च पहिल्याइतकाच धरला आहे.

```
[मूळ निर्णय]
├─ घडवा
│   ├─ सोपे    ०.४ →  ६०
│   └─ अवघड   ०.६ → ११०
└─ विकत घ्या
    ├─ बसली       ०.७ →  ६०
    └─ बसली नाही  ०.३ → [दुसरा निर्णय]
        ├─ मोठे फेरफार → १३०
        └─ सोडून घडवा  → ३४ + घडविण्याचा खर्च
```

## मुळाकडे येणारा हिशेब

प्रथम घडविण्याची शाखा. ०.४ × ६० म्हणजे २४ आणि ०.६ × ११० म्हणजे ६६, बेरीज ९०. म्हणून घडविण्याचा अपेक्षित खर्च ९० लाख.

आता विकत घेण्याच्या शाखेतील सर्वांत उजवीकडचा चौकोन. तेथे मोठ्या फेरफारांचे १३० आणि सोडून घडविण्याचे ३४ + ९० = १२४, यांतून १२४ लहान; म्हणून मोठ्या फेरफारांची शाखा छाटली. त्या चौकोनाचे मूल्य १२४. मग त्याच्या डावीकडील वर्तुळ: ०.७ × ६० म्हणजे ४२ आणि ०.३ × १२४ म्हणजे ३७.२, बेरीज ७९.२.

घडविण्याचे ९० आणि विकत घेण्याचे ७९.२. अपेक्षित मूल्याच्या कसोटीवर विकत घेणे १०.८ लाखांनी सरस ठरते.

दुसऱ्या निर्णयाच्या ठिकाणी एक खाचखळगा आहे. त्या चौकोनाशी पोहोचेपर्यंत ३४ लाख खर्च झालेलेच असतात आणि ते दोन्ही शाखांत सारखे असतात. म्हणून 'इतके पैसे घातले, आता तीच प्रणाली सुधारून घेऊ' हा युक्तिवाद तेथे लागू पडत नाही. पुढे किती घालावे लागणार एवढेच तेथे मोजावयाचे: फेरफारांच्या वाटेने आणखी ९६ लाख, घडविण्याच्या वाटेने सरासरीने आणखी ९०. सभेत मात्र बुडीत खर्चाचाच आवाज मोठा असतो, आणि वृक्ष आधीच काढून ठेवण्याचा एक व्यावहारिक उपयोग असा की, ३४ लाख खर्च होण्यापूर्वी, डोके थंड असताना, या प्रश्नाचे उत्तर लिहिले जाते.

## निर्णय केव्हा पालटतो

७९.२ या आकड्यातील दशांश फसवा आहे. ज्या ०.७ वर तो उभा आहे ती संभाव्यता कोणी मोजलेली नाही, अंदाजलेली आहे. म्हणून वृक्ष सोडविल्यावर पुढचा प्रश्न विचारावयाचा तो असा की, हा अंदाज किती चुकला तर निर्णय पालटेल?

प्रणाली बसण्याची संभाव्यता p मानू. विकत घेण्याचा अपेक्षित खर्च मग असा होतो:

60p + 124(1 − p) = 124 − 64p

तो घडविण्याच्या ९० लाखांशी समान केला, तर p = 34/64, म्हणजे सुमारे ०.५३. याचा अर्थ असा की, प्रणाली बसेल याची खात्री निम्म्याहून थोडी अधिक असली तरी विकत घेणेच योग्य. त्याखाली गेल्यास घडविणे योग्य. संचालकांपैकी कोणी ०.६ म्हणत असेल, कोणी ०.८, तर त्यांनी वाद घालण्याचे कारण नाही, कारण दोघांचाही निर्णय एकच येतो. कोणी ०.४ म्हणत असेल, तर मात्र त्याचे ऐकून घ्यावयास हवे. सभेपुढे ठेवण्याजोगा आकडा ७९.२ नसून हा ०.५३ आहे.

हा अंदाज कोठून आणावयाचा? विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावरून आणू नये. तेथे प्रणाली नेहमीच बसते. तीच प्रणाली घेतलेल्या इतर संघांची यादी मागावी आणि त्यांपैकी किती ठिकाणी कपातींचे नियम बदलावे लागले हे विचारावे. यादी लहान असली तरी तिला आधार आहे. अनुभवी माणसाचा नुसता अंदाज घ्यावयाचा असेल, तर त्याला थेट आकडा न विचारता पिशवीची तुलना देतात: दहा चेंडूंच्या पिशवीत सात पांढरे आहेत, पांढरा चेंडू निघाल्यास बक्षीस, की प्रणाली बसल्यास तेच बक्षीस, यांतले तुम्ही काय घ्याल? पांढऱ्या चेंडूंची संख्या कमीजास्त करीत, दोन्ही सारखेच वाटतील तेथे थांबावयाचे. तेथील प्रमाण हाच त्या माणसाचा खरा अंदाज.

## चाचणीचे मूल्य

घडविणे आणि विकत घेणे यांच्या जोडीला एक तिसरी वाट असते: आधी काही केंद्रांवर प्रणाली चालवून पाहणे. त्यासाठी किती खर्च करावा, याचेही उत्तर वृक्षातून मिळते.

प्रथम कमाल मर्यादा काढू. प्रणाली बसेल की नाही हे आधीच अचूक कळले असते, तर ०.७ वेळा ६० लाखांत विकत घेतली असती आणि ०.३ वेळा सरळ ९० लाखांत घडविली असती. अपेक्षित खर्च ४२ + २७ = ६९ लाख. माहितीविना तो ७९.२ होता. फरक १०.२ लाख. याला पूर्ण माहितीचे अपेक्षित मूल्य म्हणतात. कोणतीही चाचणी, कोणताही सल्लागार, या एका प्रश्नासाठी याहून अधिक किमतीचा नाही.

प्रत्यक्ष चाचणी अचूक नसते. दोन महिने पाच केंद्रांवर चालवून पाहण्यास ३ लाख लागतील असे धरू. बसणारी प्रणाली चाचणीत १० पैकी ९ वेळा बरी दिसेल. न बसणारी प्रणाली १० पैकी ८ वेळा उघडी पडेल. आता अशाच १०० संघांची कल्पना करावी. त्यांपैकी ७० ठिकाणी प्रणाली मुळात बसणारी आहे. त्यांतील ६३ ठिकाणी चाचणीचा कौल अनुकूल येईल आणि ७ ठिकाणी उगाच प्रतिकूल. उरलेल्या ३० ठिकाणी ती बसणारी नाही. त्यांतील २४ ठिकाणी कौल प्रतिकूल येईल आणि ६ ठिकाणी फसवा अनुकूल. एकूण अनुकूल कौल ६९, प्रतिकूल ३१.

अनुकूल कौल आल्यास ६९ पैकी ६३ वेळा प्रणाली खरोखर बसते. विकत घेण्याचा सरासरी खर्च सुमारे ६५.६ लाख येतो, घडविण्याच्या ९० पेक्षा पुष्कळ कमी. प्रतिकूल कौल आल्यास ३१ पैकी ७ वेळाच ती बसते. विकत घेण्याचा खर्च सुमारे १०९.५ वर जातो, तेव्हा घडवावे. दोन्ही मिळून अपेक्षित खर्च ७३.१४ लाख. म्हणजे चाचणीने ६.०६ लाख वाचतात आणि त्यासाठी ३ लाख द्यावे लागतात. चाचणी करावी.

चाचणीचा निकाल काहीही आला तरी निर्णय तोच राहणार असेल, तर अपेक्षित मूल्याच्या हिशेबात तिचे मूल्य शून्य असते. आधीच विकत घेण्याचे ठरवून केलेली चाचणी याच प्रकारात मोडते, मग तिचा अहवाल कितीही जाड असो.

## सरासरी आणि सर्वांत वाईट शेवट

अपेक्षित मूल्याची कसोटी मूकपणे एक गोष्ट गृहीत धरते: निर्णय घेणाऱ्याला ५० लाख निश्चित जाणे आणि निम्म्या संभाव्यतेने १ कोटी जाणे, ही दोन्ही सारखीच वाटतात. शेकडो प्रकल्प चालविणाऱ्या मोठ्या कंपनीला ती जवळजवळ सारखी असतातही, कारण तिच्या बाबतीत तोटे आणि लाभ एकमेकांना भरून काढतात. दूध संघाच्या वाट्याला हा निर्णय एकदाच येतो. बर्नोली यांचा आक्षेप येथे लागू पडतो.

आपल्या वृक्षातील सर्वांत वाईट शेवट कोणता? चाचणी न करता विकत घेतली, बसली नाही, सोडून दिली आणि घडविणेही अवघड गेले. खर्च ३४ + ११० = १४४ लाख, संभाव्यता ०.३ × ०.६ = ०.१८. जवळजवळ पाचांत एकदा. संघाची कर्जासकट ऐपत १२० लाखांचीच असेल, तर ७९.२ या सरासरीचा त्याला उपयोग नाही; त्या पाचव्या वेळी उत्पादकांची दहा दिवसांची बिले थकतील आणि दूध दुसऱ्या डेअरीच्या गाडीत जाऊ लागेल. याउलट, आरंभीच घडविण्याचा पर्याय सरासरीने महाग असला, तरी ११० लाखांपलीकडे जात नाही.

चाचणीची वाट घेतल्यास काय होते तेही पाहावे. प्रतिकूल कौलानंतर घडविल्यास खर्च फार तर ११३ लाख. १२० लाखांची मर्यादा ओलांडली जाते ती फक्त फसव्या अनुकूल कौलानंतर घडविणेही अवघड गेल्यास: ०.०६ × ०.६ = ०.०३६. वाईट शेवटाची रक्कम १४७ लाखांवर गेली, पण संभाव्यता ०.१८ वरून ०.०३६ वर आली. चाचणीचा हा लाभ ६.०६ लाखांच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाच्या सरासरीशेजारी त्याच्या शेवटांची रक्कम आणि संभाव्यता असे सगळेच लिहून ठेवण्याची पद्धत आहे. लहान संस्थेने आधी ऐपतीबाहेरच्या शाखा कितपत संभवतात ते पाहावे आणि मगच सरासरी पाहावी, हे अधिक सुरक्षित.

## गृहीतकांतील दोष

वरील हिशेबातील सर्वांत नाजूक जागा गणितात नसून एका न बोललेल्या गृहीतकात आहे. घडविणे अवघड जाण्याची संभाव्यता दोन्ही ठिकाणी ०.६ च धरली आहे: आरंभीच घडविले तरी आणि तयार प्रणाली न बसल्यावर घडविले तरी. पण प्रणाली का बसली नाही? बहुधा संघाचे कपातींचे नियम गुंतागुंतीचे होते म्हणून. मग ते नियम स्वतःच्या प्रोग्रामरांनाही छळणारच. प्रणाली न बसल्याचे कळल्यावर अवघड जाण्याची संभाव्यता ०.८ धरली, तर घडविण्याचा खर्च १०० होतो, सोडून घडविण्याची शाखा १३४ वर जाते आणि छाटून टाकलेली १३० ची शाखा सरस ठरते. दुसऱ्या चौकोनातील निर्णयच उलटतो. विकत घेण्याचा अपेक्षित खर्च ८१ होतो; पहिला निर्णय टिकतो, पण थोड्याच अंतराने. दोन संयोगबिंदूंच्या मागे एकच कारण दडले आहे काय, हे प्रत्येक वृक्षात तपासावे लागते.

दुसरा दोष कालमूल्याचा. परवान्याचे ३० लाख आज जातात, प्रोग्रामरांचे पगार पाच वर्षांत विभागले जातात. व्याजाचा दर मोठा असेल तर सर्व रकमा आजच्या मूल्यात आणूनच शाखांच्या टोकांवर लिहाव्यात. तसे केल्यास या उदाहरणात घडविण्याचा पर्याय थोडा स्वस्त होईल.

तिसरा दोष असा की, प्रत्येक वर्तुळातून दोनच शाखा निघतात असे येथे मानले आहे. खर्च प्रत्यक्षात ६० किंवा ११० नसतो. त्यांच्या दरम्यान आणि पलीकडेही कोठेही असू शकतो. शाखा वाढविल्या की वृक्षाचे झुडूप होते आणि आकृती वाचता येत नाही. अशा वेळी मोठे प्रकल्प मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे संगणकाकडून हजारो यादृच्छिक फेऱ्या करवून, खर्चाचे संपूर्ण वितरण काढतात. तालुक्याच्या संघाला बहुधा त्याची गरज पडत नाही. एका कागदावर मावेल एवढा वृक्ष आणि ०.५३ सारखा एक आकडा त्याच्या सभेला पुरतो.